माठाचं कलिंगड

सकाळचा पहिला लाल गोल चहाच्या आधी यायचा. तैयबाने फोन उघडला की तिच्याच स्वयंपाकघराचा फोटो परत आलेला असायचा आणि त्यावर, कुठेतरी कोपऱ्यात, बोटाने ओढलेला वेडावाकडा लाल गोल. खाली अहमदचा एकच शब्द: "हे?"

तिचा नवरा अहमद मस्कतला भाड्याच्या गाड्यांच्या यार्डात होता. गिऱ्हाईक गाडी घेऊन जाण्याआधी तिचे फोटो काढायचे, परत आणली की पुन्हा काढायचे, दोन्ही शेजारी ठेवायचे आणि फरक शोधायचा. अर्धं आयुष्य त्याने हेच केलं होतं. दरवाजावरचा केसाएवढा ओरखडा त्याला दिसायचा आणि त्यात त्याचा हात धरणारा यार्डात कुणी नव्हता, हे खुद्द यार्डाचा मालक सांगायचा. तिथे जमिनीवर गाडीभोवती पिवळ्या रंगाने पावलं रंगवलेली होती. आधीचा फोटो ज्या पावलांवरून, नंतरचाही त्याच पावलांवरून. नाहीतर, अहमद म्हणायचा, फरक गाडीत आहे की फोटो काढणाऱ्यात, ते कळत नाही.

नियम सोन्यासारखा होता. तो मुरुडच्या स्वयंपाकघराला लावला तिथे सगळं बिनसलं.

घर समुद्रापासून फार लांब नव्हतं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीकडच्या भिंतीला खारं लागलं होतं. गिलावा बोट लावलं की रव्यासारखा झडायचा. तैयबा जवळच्या लॉजला जेवण पुरवायची, सुरमईचं सालन, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. एकदा गिलाव्याचा पापुद्रा थेट सोलकढीत पडला आणि त्या दिवशी दुरुस्तीचं ठरलं. अहमद रजेवर आला होता. त्याने दोन दिवस स्वयंपाकघरात पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारल्या आणि बेत सांगितला: गिलावा काढून नवा, जुनी लादी काढून टाइल, ओटा नवा. पाखाडीकडचं, म्हणजे मागच्या फरसबंद गल्लीकडचं, दार चिणून टाकायचं, कारण त्यातून मांजरं येतात आणि मांजरांपेक्षा जास्त शेजारणी. वाडीच्या बाजूला नवं दार.

मग त्याने आतिफाची नेलपॉलिश मागितली. आतिफा ही त्यांची मुलगी, पनवेलला कॉलेजात शिकणारी, सुट्टीला घरी. तिला वाटलं अब्बांना काहीतरी झालं. अहमदने जमिनीवर गुडघे टेकून चार फुल्या मारल्या. तीन लादीवर, एक पाखाडीकडच्या दाराच्या उंबऱ्यावर. प्रत्येक फुलीवर उभं राहून त्याने एकेक फोटो काढला आणि तैयबाला बजावलं, "काम झालं की याच फुल्यांवर उभी राहून काढायचे. एक बोटसुद्धा इकडेतिकडे नको."

"या लादीवर?" तैयबाने विचारलं.

"याच."

"ही लादी तर काढायचीय ना?"

पण तोवर तो बॅग भरायला गेला होता. तीन फुल्या लादीबरोबर डंपरमध्ये गेल्या आणि चौथी दाराबरोबर भिंतीत.

काम काळूरामने घेतलं होतं. तो उत्तर रायगडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. मिठागरं गेली तशी त्याने थापी हातात घेतली आणि खाऱ्याशी असलेलं घरचं वैर भिंतींवर काढायला सुरुवात केली. गडी कामाला चोख आणि तोंडाला फटकळ. आपल्या कामाचे फोटो लोक काढतात यात त्याला आधी मानच वाटला होता. पहिल्या दिवशी तो केस सारखे करून भिंतीशेजारी उभा राहिला.

"भाऊ, बाजूला व्हा," तैयबा म्हणाली. "तुम्ही आधीच्या फोटोत नव्हता."

गोल सुरू झाले ते टाइलपासून. सकाळच्या उजेडातली पांढरी टाइल आणि संध्याकाळच्या दिव्याखालची पिवळट टाइल असे दोन फोटो शेजारी लावून अहमदने विचारलं, काळूरामने अर्ध्यात माल बदलला का. तैयबाने दुसऱ्या सकाळी पुन्हा फोटो पाठवला, टाइल पांढरी झाली. मग एकदा तिच्या हातून पुढचा कॅमेरा दाबला गेला आणि चित्र आरशातल्यासारखं उलटं गेलं. खिडकी डावीकडची उजवीकडे गेल्याबद्दल मस्कतहून फोन आला. एकदा रिकाम्या कोपऱ्याभोवती गोल होता. तिने खूप निरखलं, काही दिसेना.

"काय आहे तिथे?"

"आधी मांजर होतं."

"मांजर येऊ नये म्हणून तर दार चिणलंत ना तुम्ही!"

"ठीक आहे," अहमद म्हणाला. "ते बरोबर आहे मग."

तैयबा हे सगळं सोसत होती, कारण डिसेंबर लागला होता. नाताळ ते एकतीस मुरुडला पाय ठेवायला जागा नसते. लॉजचा मालक चिराग याने दोनदा विचारून झालं होतं. ती परसात तीन दगडांवर रांधत होती आणि तेवढ्यावर घरचं भागत होतं, लॉजचं नाही. "तैयबाबेन, गेस्ट लोग तो खायेंगे ना," चिराग फोनवर म्हणाला. "तुमचा किचन चालू झाला तर सोन्याहून पिवळा. नाय तर मला सामेवाल्या खानावळीला बोलवं लागेल. अने एकवार तिकडे गेला धंधा, पाछो येत नथी, तमने खबर छे."

तिला खबर होती, गेलेला धंदा परत येत नाही. हे लॉज मिळवायला तिला दोन वर्षं लागली होती. त्या दोन वर्षांत तिने घरी कुणाला फारसं काही सांगितलं नव्हतं. एक दिवस लॉजचं जेवण जायला लागलं आणि अहमदला ते फोटोतल्या डब्यांवरून कळलं होतं.

काम संपत आलं होतं. टाइल बसली, ओटा झाला, गिलावा सुकला. नळजोडणी, सिंक आणि वाडीकडच्या दाराची चौकट एवढंच बाकी. तैयबाने चिणलेल्या दाराला पाठ लावून खिडकीकडच्या भिंतीचा फोटो काढला आणि पाठवला. संध्याकाळी परत आला तेव्हा गोल नव्हता. सगळी भिंतच लाल चौकटीत होती.

फोन लगेच वाजला. अहमदचा आवाज यार्डातला होता, गिऱ्हाइकाकडून किल्ली परत घेताना असतो तसा.

"भिंत पुढे आलीय."

"कुठली भिंत?"

"खिडकीची. आधीच्या फोटोत बघ किती लांब आहे. आता बघ. नाकावर येऊन बसलीय. खिडकी बघ, मोठी दिसतेय. खिडकी आपण बदलली?"

"नाही. नुसती रंगवली."

"मग ती मोठी का झाली? भिंत जवळ आली म्हणून. त्याने खारावलेला गिलावा खरवडलाच नाही, तैयबा. जुन्या भिंतीपुढे विटांची नवी भिंत घातली आणि वर गिलावा मारला. फूटभर जागा खाल्ली. वर्षभरात खारं याच्यातूनही बाहेर येईल."

तिने दोन्ही फोटो पाहिले. तो म्हणत होता ते दिसत होतं. आधीच्या फोटोत खिडकी लांब, शाळेच्या वर्गाच्या टोकाला असावी तशी. आताच्यात हात लांबवला तर उघडता येईल. ती उठून भिंतीकडे गेली. भिंत होती तिथेच वाटत होती. पण रोज ज्या खोलीत राहायचं तिच्याबद्दल माणूस काय छातीवर हात ठेवून सांगणार?

गिलावा खरवडला तो दिवस तिला आठवत होता, धुरळा तिने स्वतः झाडला होता. पण दुपारी ती बाजारात गेली होती. दुपारीच विटा घातल्या असतील तर?

तिने टेप घेतली. बाहेरून मोजलं, आतून मोजलं. फरक अहमदला कळवला. अहमद म्हणाला, जांभ्याच्या जुन्या भिंती किती जाड होत्या हे आपण आधी मोजलंय का? नव्हतं मोजलं. आधीचं काय होतं? फोटो. मग तिने फोन भिंतीला लावून लाटण्याने ठोकून ऐकवलं. अहमदने कान देऊन ऐकलं आणि सांगितलं की पोकळ वाटतंय. मग तिने स्वतःच्या कपाळावर लाटणं ठोकून ऐकवलं. तेही पोकळ वाटलं.

"मी थट्टा करत नाहीये," तो म्हणाला.

"मीही नाही," ती म्हणाली.

काळूरामला हे सांगायचं तिच्या मनात नव्हतं. पण अहमदने त्याला थेट फोन केला. काळूराम ओट्याला पाणी मारत होता. तो ऐकत गेला आणि त्याचा पाइप धरलेला हात हळूहळू खाली आला, पाणी पायावर पडत राहिलं. फोन बंद करून त्याने परसातला नळ बंद केला, थापी धुतली, पुसली आणि पिशवीत घातली. थापी पुसून पिशवीत जाते म्हणजे काय, हे तैयबाला एवढ्या दिवसांत कळलं होतं.

"भाऊ, ते लांब बसलेत, त्यांना काय दिसतंय..."

"भाभी, मी भिंतीपुढं भिंत घालनारा हाय? मी?" तो ओरडला नाही, हेच वाईट होतं. "माझा बापूस मिठाचं पोतं कमी भरत न्हवता. मला चोर बोलले असते तं चाललं असतं. खारं झाकलं बोलले. खारं झाकनारा गवंडी मंजे... जाऊं द्या. मला किहीमला काम हाय."

"आणि माझं सिंक?"

"फोटोत बसवा," काळूराम म्हणाला आणि गेला.

नळाचं तोंड कापडाने बांधलेलं, दाराच्या जागी ताडपत्री, सिंक खोक्यात. तैयबा नव्या ओट्यावर चढून बसली. ओटा छान होता. त्यावर बसण्याव्यतिरिक्त काही करता येत नव्हतं.

नाताळ असाच गेला. चिरागने समोरच्या खानावळीला सांगितलं. परसातल्या चुलीवर आपल्यापुरता भात ठेवताना तैयबाला लॉजच्या गच्चीवरची गाणी ऐकू येत होती आणि त्यातलं एकही तिला धड वाटलं नाही. अहमद रोज फोन करत होता आणि रोज तेच: भिंत फोड, बघ, विटा निघतात की नाही. सुकलेला नवा गिलावा फोडायचा, आत जांभा निघाला की पुन्हा गिलावा करायचा, आणि गवंडी किहीमला. यार्डात बरं असतं, गाडी खरडली तर गिऱ्हाईक भरतं.

संतापाने तिला झोप येईना असं काही नव्हतं. झोप येत होती. जाग आली की संताप यायचा.

एका दुपारी ती आधीचा फोटो पुन्हा उघडून बसली. भिंतीसाठी नाही. त्या फोटोत उजव्या कडेला ती स्वतः होती, पडदा बाजूला धरून उभी. अहमदने फोटो काढताना म्हटलं होतं, पडदा धर. त्या फोटोतला तिचा दंड तिला पहिल्यापासून खुपत होता. कुणा पैलवानाचा असावा असा, खांद्यापासून कोपरापर्यंत पसरलेला. फोटो पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी तिने भाकरी अर्धीच खाल्ली होती. वय झालं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं आणि कुणाला दाखवलं नव्हतं. आता ती परत तिथेच बघत राहिली, जखमेची खपली काढावी तशी. मग नजर दुसऱ्या कडेला गेली, कारण दंडाकडे बघवेना.

डाव्या कडेला तिपाईवर माठ होता.

माठ आडवा पसरला होता. पोट बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखं. माठ नव्हताच तो, कलिंगड होतं.

तैयबा उठली. तोच माठ परसात चुलीशेजारी होता. तिने त्याच्याभोवती दोन्ही हात घातले. गोल. तिच्या सासूने मुरुडच्या बाजारात ठोकून ठोकून निवडलेला, सगळ्या बाजूंनी सारखा गोल. माणूस जाड होतो, हे तिला मान्य होतं. माठ होत नाही.

तिने आताच्या फोटोंपैकी एक उघडला, ज्यात माठ कडेला होता. त्यात तो गोल होता.

ती खाली बसली आणि बऱ्याच दिवसांनी हसली. मग लगेच चिडली, कारण तो दंड तिचा नव्हता आणि तिने उगीच अर्धी भाकरी सोडली होती.

शनिवारी आतिफा आली. तैयबाने तिच्यापुढे फोटो धरला. "हा माठ असा का दिसतो?"

आतिफाने पाहिलं. "वाइडवर काढलाय, अम्मी. पॉइंट फाइव्हवर. छोट्या खोलीत सगळं मावावं म्हणून काढतात. कडेचं सगळं ताणलं जातं." तिने स्वतःचा फोन खिडकीकडे धरला आणि खालचं बटण दाबलं. एका क्षणात खिडकी पळून लांब गेली. पुन्हा दाबलं, नाकावर आली. लांब. नाकावर. काळूरामची भिंत बटणाने मागेपुढे होत होती आणि तैयबा बघत होती.

"माझ्या फोनात हे बटण कुठे आहे?"

"नाहीच. तुझ्या फोनाला ती लेन्सच नाही."

यार्डात सगळ्यांना एकच टॅबलेट होता, एकाच लेन्सचा. जागा ठरलेली, यंत्र ठरलेलं. यंत्र बदललं तर काय, हा प्रश्न अहमदला कधी पडलाच नव्हता. इथे खोली मावेना म्हणून त्याने बटण दाबलं आणि दाबल्याचं विसरला.

तैयबाने दोन माठांचे फोटो शेजारी लावले. आयुष्यात पहिल्यांदा तिने लाल गोल काढले, एकेका माठाभोवती एकेक, आणि पाठवले. खाली लिहिलं: "माठ पण काळूरामने बदलला?"

उत्तर यायला नमाज होऊन गेली. मग आलं. त्यात चूक कबूल नव्हती, पण आवाज यार्डातला राहिला नव्हता. "लेन्स वेगळी असू शकते. तरी खात्री नाही. आतिफाच्या फोनवरून वाइडवर काढा. त्याच जागेवरून. मग दोन्ही एकावर एक ठेवून बघतो."

नियम सोन्यासारखा होता. तैयबाने आधीच्या फोटोची जागा शोधली. तो उंबऱ्यावरच्या चौथ्या फुलीवरून काढलेला होता. उंबरा आता विटांच्या आत होता, अहमदच्याच सांगण्यावरून.

भिंतीला चिकटून काढला तर चालणार नव्हतं, कॅमेरा दीड हात पुढे येत होता आणि दीड हातात पुन्हा भिंत पुढे आली असती. ते तिला आता अहमदइतकंच कळत होतं, आणि याचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती अलिबागच्या एसटीत बसली, तिथून दुसरी गाडी धरून किहीमला. काळूराम नारळाच्या बागेतल्या एका कॉटेजच्या व्हरांड्यात कोबा करत होता. तिला पाहून त्याने हातातली पट्टी बाजूला ठेवली नाही, पण फिरवायची थांबवली.

"भाभी. एवढ्या लांब."

तिने फोन पुढे केला. काळूरामने हात पँटला पुसले, फोन लांब धरला, जवळ धरला. बराच वेळ दंडाकडे बघत राहिला आणि सभ्य माणूस असल्यामुळे काही बोलला नाही.

"माठ बघा, भाऊ. माठ!"

"अरे," तो म्हणाला. मग त्याचं तोंड हळूहळू फाकलं. "मंजे माझी भिंत न्हाय फुगली. तुमचा माठ फुगला!"

"तेच. पण ते म्हणतात, उंबऱ्यावरून काढल्याशिवाय खात्री नाही."

"उंबरा कुठं हाय? मी चिनला."

"म्हणून तर आले."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. "मंजे मी बांधलेली भिंत खरी हाय, हे दाखवायला मी बांधलेली दुसरी भिंत फोडू?"

"हो," तैयबा म्हणाली. याहून चांगल्या शब्दांत ते सांगता येत नव्हतं.

काळूराम व्हरांड्याच्या कठड्यावर बसला. "हा कॉटेजवाला मुंबईला असतो," तो म्हणाला. "रोज फोटो पाठवतो परत. तुमच्याकडं लाल गोल, याचा हिरवा. काल माझ्या सावलीभवती काढला. बोलला, भिंतीवर डाग हाय." तो उठला. "चला. एकच वीट काढीन. जास्त न्हाय. आनि मी खारं झाकलं न्हाय हे दादांनी तोंडानं बोलाया पायजे."

तो त्याच संध्याकाळी आला. चिणलेल्या दारासमोर छिन्नी घेऊन उभा राहिला आणि विचारलं, "केवढ्या उंचीवर? दादा फोटो काढताना फोन कुठं धरतात?"

तैयबाने डोळे मिटले. अहमद फोन पेपर वाचल्यासारखा नाकासमोर धरतो. नाक कुठे येतं? तिने स्वतःच्या डोक्याच्या वर हात नेला, जरा खाली आणला, पुन्हा चार बोटं वर. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यातली बहुतेक फोनवर गेली, पण माणूस समोर उभा राहिला की आपल्या डोळ्यांना काय दिसतं ते हाताला ठाऊक होतं. "इथे," ती म्हणाली. "दाराच्या मधोमध."

काळूरामने तिथे खडूने फुली मारली.

वीट निघाली. पलीकडे पाखाडी दिसली, संध्याकाळच्या उन्हातली, आणि तिथून जाणारी एक शेजारीण चमकून थांबली. "तैयबा, दार परत उघडतेस काय गं?"

"फोटो काढतोय," तैयबा भोकातून म्हणाली. शेजारणीने पुढे विचारलं नाही. या घरात हल्ली फोटो काढतात हे पाखाडीला माहीत होतं.

आतिफा पाखाडीच्या बाजूला खुर्चीवर चढली, फोन विटेच्या भोकाला लावला, बटण दाबलं. तैयबा आत उजव्या कडेला उभी राहिली. पडदा नव्हता, म्हणून तिने पडदा धरल्यासारखा हात धरला. डाव्या कडेला तिपाईवर माठ ठेवला होता. फोटो आला. खिडकी वर्गाच्या टोकाला गेली होती, दंड पैलवानाचा होता आणि माठाचं कलिंगड झालं होतं.

"मस्त," आतिफा म्हणाली. "अगदी सेम वाईट आलीयस, अम्मी."

यार्डात दोन फोटो एकावर एक ठेवायची सोय होती. वरचा अर्धा पारदर्शक करायचा. जे जुळतं ते एक होतं, जे हललेलं असतं त्याची दुहेरी कड दिसते. मस्कतहून फोन आला तेव्हा काळूराम जवळच बसला होता. तैयबाने स्पीकर लावला.

"खिडकीची चौकट कडेला कड बसतेय," अहमद म्हणाला. "भिंतीचे कोपरे बसले. छप्पर बसलं." मग: "भिंत जागेवर आहे."

"काळूरामभाऊ इथेच बसलेत."

पलीकडे मस्कतची रहदारी ऐकू आली. "काळूरामभाई," अहमद म्हणाला, "माफ करा. तुम्ही खारं झाकलं नाही. चूक माझ्या फोटोची."

"व्हय," काळूराम म्हणाला. उठला आणि पिशवीतून थापी बाहेर काढली.

चौकट बसली, सिंक बसलं, नळ सुरू झाला. तैयबाने चिरागला फोन केला. "नाताळ तो गया, बेन," तो म्हणाला. "पण सामेवाल्याच्या माशाला माणसं नाक मुरडतात. एकतीस तुमची. पुढचं नंतर बघू." पुढचं नंतर, म्हणजे धंदा अर्धा गेलेला होता आणि परत येईल की नाही ते एकतीसच्या सालनावर अवलंबून होतं. तिने ते मनात धरून मसाला वाटायला घेतला.

भोक बुजवायला काळूराम वीट घेऊन आला, तेव्हा तैयबाने त्याला थांबवलं. ती बराच वेळ त्या भोकातून पाखाडीकडे बघत राहिली. लॉजची गाडी पाखाडीच्या तोंडाशीच थांबायची. दार चिणल्यामुळे आता डबे सगळं घर ओलांडून पुढच्या दाराने न्यावे लागणार होते.

"भाऊ, हे एवढंच नको," ती म्हणाली. "डबा जाईल एवढं करा. कंबरेच्या उंचीला. झडप लावा."

"दादांना विचारलं?"

"त्यांनीच फोडायला लावलं ना?"

काळूरामने विचार केला आणि त्याला ते पटलं.

एकतीसच्या दुपारी चार शेगड्या पेटल्या होत्या, सालन उकळत होतं, सोलकढीत काहीही पडलं नव्हतं आणि झडपेतून पहिले डबे बाहेर गेले होते. तेवढ्यात फोन वाजला. आदल्या दिवशी आतिफाने पनवेलला जाण्यापूर्वी नव्या स्वयंपाकघराचे चार फोटो अब्बांना पाठवले होते. त्यातला एक परत आला होता. झडपेभोवती लाल गोल.

"हे? हे आधीच्या फोटोत नव्हतं."

तैयबाने फोन ओट्यावर उपडा ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा उपडा ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने भाताच्या मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं, दुसऱ्या हाताने फोन उचलला, झडपेकडे धरून फोटो काढला आणि न बघता पाठवला.

भाकऱ्यांची पुढची चळत उतरल्यावर तिने पाहिलं. फोटोत वाफ होती. कडेपासून कडेपर्यंत पांढरी वाफ, तिच्यात भिंत नव्हती, झडप नव्हती, माठ नव्हता, काहीच नव्हतं.

अहमदने तो परत पाठवला होता. या वेळी लाल गोल फोटोच्या चारी कडांना लागून, अख्ख्या फोटोभोवती होता. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.

"भाभी, डबे!" झडपेबाहेरून लॉजचा माणूस ओरडला.

तैयबाने फोन पदराने पुसून खिडकीत ठेवला आणि डबे पुढे सरकवले.